बचत गटाकडून घाऊक लोणचं-पापड

लग्नासाठी बचत गटाकडून २० किलो कैरीचं लोणचं आणि १५ किलो उडदाचे पापड हवेत. किती आधी सांगावं?

पापडांसाठी निदान ३ आठवडे आधी सांगा, लोणच्याला आठवडा पुरतो. आमच्या गटात लोणचं मे-जूनमध्येच घातलेलं असतं, ते फक्त भरून द्यायचं असतं. पापड मात्र ऑर्डर आल्यावरच लाटतो. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल उघडून बघितल्यावर. लोणच्याचे डबे गाडीत उभेच ठेवायला सांगा, आडवे पडले की तेल झिरपतंच. पापडांच्या खोक्यात आम्ही ५ किलोच भरतो, जास्त भरले तर तळाचे फुटतात. पावसाळ्यात मात्र आम्ही पापडांची पक्की तारीख देत नाही, कारण ऊन नसलं की ते नीट वाळत नाहीत. अर्धवट वाळलेला पापड मोडायला गेलं तर कडकन तुटत नाही, वाकतो, आणि अशा पापडाला लवकर बुरशी येते.