स्कूटरची एक्सटेंडेड वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज: घ्यायचं की नाही?

प्रश्न: १२५ सीसी नवीन स्कूटर घेतोय. शोरूमवाल्याने कोटेशनमध्ये एक्सटेंडेड वॉरंटी १,४०० आणि एक वर्षाचं सर्व्हिस पॅकेज २,३०० लावलंय. रनिंग महिन्याला ५०० किमी. घेऊ का?

वॉरंटीचा विचार जरूर करा, पॅकेज मात्र आत्ता काढून टाकायला सांगा. दोन्ही एकाच कागदावर असतात म्हणून लोकांना एकच वाटतं पण दोन्ही पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी पॅकेज. नवीन गाडीला पहिल्या काही सर्व्हिस फ्री असतातच. फ्री म्हणजे फक्त लेबर फ्री, ऑइलचे पैसे तुम्हालाच द्यायचे. आणि पॅकेजमध्ये मुख्य गोष्ट काय असते तर तेच लेबर! मी माझ्या वेळी २,२०० भरून घेतलं होतं, पहिल्या सर्व्हिसचं बिल नीट वाचलं तर लेबर शून्य, ते फ्री कूपनमुळे, आणि ऑइल, ड्रेन वॉशर, कंझ्युमेबल्स सगळं माझ्याकडून घेतलेलं. मग पॅकेजमधून मिळालं काय? वॉशिंग. वर्षभर तेच झालं, आणि फ्री कूपन संपून लेबर लागायची वेळ आली तेव्हा पॅकेजची मुदत संपली होती, कारण ती गाडी घेतल्या दिवसापासूनच मोजतात.

फ्री सर्व्हिस संपल्या की मग हिशोब करा. माझ्याकडे पेड सर्व्हिसचं लेबर ४५० आहे, १८ टक्के जीएसटी धरून ५३१. तुमचं रनिंग वर्षाला ६,००० किमी, म्हणजे दर ४,००० किमीला सर्व्हिस धरली तर वर्षाला दोनसुद्धा होत नाहीत असं वाटेल, पण मॅन्युअलमध्ये किलोमीटरसोबत महिनेही दिलेले असतात आणि जे आधी होईल ते धरायचं असतं. चार महिने लिहिलं असेल तर तीन सर्व्हिस, म्हणजे १,५९३ रुपये. २,३०० च्या पॅकेजमध्ये ऑइल धरलेलं नसेल तर तुम्ही सातशे रुपये जास्त देताय. पार्ट्सवर १० टक्के सूट देतात म्हणतील, पण सातशे वसूल व्हायला वर्षाला सात हजारांचे पार्ट्स लागायला हवेत, नव्या गाडीला ते कुठून लागणार. ज्यांचं रनिंग खूप आहे, डिलिव्हरी वगैरे करतात, त्यांना पुढे जाऊन परवडू शकतं.

आता वॉरंटी. बीएस ६ पासून (एप्रिल २०२०) बहुतेक सगळ्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या, त्यामुळे कार्ब्युरेटर साफ करून गाडी चालू व्हायची ते दिवस गेले. माझी गाडी चौथ्या वर्षी एका सकाळी चालूच होईना. सेल्फ फिरतोय, बॅटरी ठीक, पण चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाचा जो बारीक घूं आवाज येतो तो येत नव्हता. फ्युएल पंप गेला होता, एस्टिमेट ३,६०० प्लस लेबर. एक्सटेंडेड वॉरंटीत फुकट बदलून मिळाला. पण त्या सर्व्हिस अॅडव्हायझरने पंप बघायच्या आधी काय बघितलं तर सर्व्हिस हिस्ट्री, प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर. माझी एक नऊ दिवस लेट होती, ती चालवून घेतली. माझ्या मेव्हण्याने मधली एक सर्व्हिस गल्लीतल्या गॅरेजला केली होती, काम चांगलं झालेलं, पण कंपनीच्या सिस्टीममध्ये नोंद नाही म्हणून त्याचा क्लेम सरळ नाकारला. म्हणजे वॉरंटीचा खरा खर्च १,४०० नाही, तेवढी वर्षं ऑथराइज्ड सेंटरलाच जायचं हाही त्यातच आला. ते जमणार नसेल तर घेऊच नका.

आणि बेल्ट, ब्रेक शू, क्लच, केबल, बल्ब हे घासून संपणारे पार्ट्स यात येत नाहीत. बेल्टचा खर्च कधीतरी येणारच, तो खिशातूनच.

घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. कंपनीची मूळ वॉरंटी किती वर्षांची आहे, पाच असेल आणि तुम्ही पाच-सहा वर्षांत गाडी विकणार असाल तर वरची वर्षं वायाच. दुसरं, वॉरंटी कंपनीची आहे की डीलरची स्वतःची. कंपनीची असेल तर चासी नंबर असलेलं सर्टिफिकेट मिळतं. नुसती शोरूमच्या शिक्क्याची पावती देत असतील तर नको, उद्या ते शोरूम बंद पडलं तर दुसरं कोणी ती पावती मानणार नाही.

घाई पण करू नका, बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत नंतरही घेऊ देतात, फक्त उशीर होईल तसा रेट वाढतो. तुमच्या मॉडेलसाठी शेवटची तारीख आणि आजचा रेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारा. सेल्समन कंपल्सरी आहे म्हणाला तर तसं कोटेशनवर लिहून सही मागा, माझ्या भावाने मागितली तर पाच मिनिटांत दोन्ही लाइन काढून नवीन कोटेशन हातात दिलं.