सगळं हिरवं दिसतंय, तरी पेशंट उठून जातात: दवाखान्याच्या डॅशबोर्डवर कोणते आकडे ठेवावेत?

प्रश्न: धंतोलीतल्या एका पॉलिक्लिनिकचं व्यवस्थापन पाहते. चार डॉक्टर, रोज शंभरेक पेशंट. सॉफ्टवेअरवाल्यांनी २६ आकड्यांचा डॅशबोर्ड दिलाय, पण सरांना चार-पाचच हवेत. कोणते ठेवू? सरासरी प्रतीक्षा १८ मिनिटं दिसते, सगळं हिरवं आहे, तरी लोक काउंटरवर कुरकुर करतात, काही निघूनही जातात.

उत्तर:

ताई, तुमची शेवटची ओळ वाचली आणि आमचंच जुनं दुखणं समोर आलं. मीही नागपुरातच एका पॉलिक्लिनिकचा कारभार बघतो. आमच्या स्क्रीनवर तेव्हा १९ मिनिटं होती आणि तीही हिरव्या रंगात. त्या एका आकड्यावर विसंबल्यामुळे आमचं जवळपास वर्ष गेलं आणि पुष्कळ जुने पेशंट गेले. म्हणून कोणते आकडे ठेवायचे ते नंतर सांगतो. आधी तुमच्या १८ मिनिटांचं घड्याळ नेमकं कधी सुरू होतं ते तपासा.

आमच्याकडे पेशंट कमी होत होते. बैठकीत कोणी म्हणालं, वाट फार पाहावी लागते. मी स्क्रीन दाखवली, १९ मिनिटं, आणि विषय तिथेच संपला. कारण दुसरंच असेल असं ठरवून आम्ही नवा बोर्ड लावला, पेपरात जाहिराती टाकल्या, संध्याकाळची वेळ वाढवली. पेशंट कमी होतच राहिले.

मग एका सोमवारी सकाळी साडेनऊला मी वही घेऊन दाराशेजारी बसलो. कोण कधी आत आलं, कधी डॉक्टरांकडे गेलं, एवढंच लिहायचं. त्यातले फिजिशियनचे पहिले दहा पेशंट सांगतो. आठ जण तपासले गेले. त्यांनी वाट पाहिली ती १२, १८, २५, ३०, ४०, ५५, ७० आणि ८६ मिनिटं. सरासरी ४२. उरलेले दोघे, एक ५० मिनिटांनी आणि एक ७५ मिनिटांनी, न तपासताच उठून गेले. दुपारी याच पेशंटांची नोंद सॉफ्टवेअरमध्ये पाहिली, तर पेशंट आठच होते आणि सरासरी १९ मिनिटं. गेलेल्या दोघांचा तिथे पत्ताच नव्हता.

त्या दोघांपैकी एक आजोबा सावनेरहून पहिल्या एसटीने आलेले. उपाशीपोटी साखर तपासायची म्हणून घरून चहासुद्धा न घेता निघालेले. लॅबमध्ये रक्त दिलं, पिशवीतला डबा काढून बाकावरच दोन पोळ्या खाल्ल्या आणि नंबरची वाट पाहत बसले. परतीच्या गाडीची वेळ झाली तशी फाईल काखेत मारून निघून गेले. आमच्याकडे ते सहा वर्षं येत होते. पुन्हा आले नाहीत.

हे कसं होत होतं ते काउंटरवरच्या ताईंनीच सांगितलं. सॉफ्टवेअरमध्ये पेशंटची वेळ सुरू व्हायची ती बिल केल्यावर. ताई आल्याआल्या हाताने टोकन द्यायच्या आणि बिल करायच्या नंबर जवळ आल्यावर. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "बिल आधी केलं आन् पेशंट निघून गेला तं रिफंडच्या सहीसाठी मलेच पळा लागते ना सर." रिफंडच्या व्हाउचरवर डॉक्टरांची सही लागायची, आणि डॉक्टर आत पेशंट तपासत असायचे. ताईंची काही चूक नव्हती. नियमच असा होता की बिल उशिरा करणं त्यांना भाग होतं. म्हणजे बिलाआधीची सगळी वाट मोजणीतून बाहेर, आणि कंटाळून गेलेल्या माणसाचं बिलच नाही म्हणून तोही बाहेर. जितके लोक जास्त वैतागून जातील, तितका आकडा चांगला दिसणार.

आता त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकक्षाबद्दल. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. मी एवढंच मागितलं होतं की घड्याळ टोकनपासून सुरू करा, नाहीतर प्रत्येक पेशंटच्या वेळांची कच्ची यादी एक्सेलमध्ये द्या. पोळ्याला पहिली तक्रार नोंदवली, होळीपर्यंत तोच विषय चालला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट, आणि शेवटी "समस्या सुटली" असा मेसेज येऊन तक्रार बंद. मिळाली ती सरासरीची पीडीएफ. स्वतःच्याच दवाखान्याच्या नोंदी स्वतःला मिळू नयेत याचा मला आजही संताप येतो. तुमचा करार नव्याने व्हायचा असेल तर कच्ची नोंद एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये हवी तेव्हा मिळेल, हे कलम लिहूनच घ्या.

आम्ही शेवटी वाट न पाहता टोकनच्या चिठ्ठीवर येण्याची वेळ लिहायला लागलो. डॉक्टरांच्या दाराशी उभी असणारी मावशी आत जाण्याची वेळ लिहिते. नाव पुकारूनही कोणी आलं नाही तर "गेले" असं लिहिते. दोन्ही वेळा एकाच घड्याळावरून घ्या, हे महत्त्वाचं. आमचं भिंतीवरचं घड्याळ कॉम्प्युटरपेक्षा सात मिनिटं पुढे होतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काही पेशंट यायच्या आधीच तपासून झालेले दिसले. एक्सेलमध्ये `A` ला टोकन, `B` ला आल्याची वेळ, `C` ला आत गेल्याची वेळ किंवा "गेले". `E` मध्ये हे सूत्र, जेवढी टोकन तेवढ्याच ओळींत:

```
=IF(C2="गेले","गेले",ROUND((C2-B2)*1440,0))
```

आणि दिवसाचा एकच आकडा काढायला हे:

```
=(COUNTIF(E2:E200,">45")+COUNTIF(E2:E200,"गेले"))/COUNTA(B2:B200)
```

म्हणजे टोकन घेतलेल्यांपैकी किती जणांना ४५ मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागलं किंवा न तपासता जावं लागलं. वरच्या दहा जणांत हे पाच होतात, अर्धे. तीच सकाळ, सरासरी म्हणते १९ मिनिटं, आणि हा आकडा म्हणतो की दर दुसऱ्या माणसाला त्रास झाला. सरासरीत १२ मिनिटंवाला ८६ मिनिटंवाल्याला झाकून टाकतो, म्हणून मी सरासरी स्क्रीनवर ठेवतच नाही. ४५ ही काही शास्त्रातली मर्यादा नाही. आमच्या डॉक्टरांनी मिळून ठरवली. तुमच्याकडे बालरोगतज्ज्ञ असतील तर तापलेलं लेकरू घेऊन बसलेल्या आईसाठी ती नक्की कमी हवी.

आता तुमचा प्रश्न, कोणते ठेवू. माझं मत सांगतो, सगळ्यांना पटेल असं नाही. प्रत्येक आकड्याला एकच विचारा: हा बिघडला तर उद्या सकाळी कोण काय वेगळं करणार? उत्तर नसेल तर तो काढा. या प्रश्नावर आमचे वीस-बावीस आकडे गळाले आणि चार उरले.

पहिला वर सांगितला तो. दुसरा, न तपासता गेलेले, नुसती संख्या. पहिल्यात तो मिसळलेला असला तरी वेगळा दाखवा, कारण त्यातल्या प्रत्येकाला त्याच संध्याकाळी फोन करता येतो. आम्ही करतो, आणि खरी कारणं त्या फोनवरच कळतात.

तिसरा आकडा फेरतपासणीचा. बीपी आणि शुगरच्या ज्या पेशंटांना या आठवड्यात बोलावलं होतं, त्यांपैकी ठरल्या तारखेपासून सात दिवसांत किती आले. इथे भागायचं ते बोलावलेल्यांच्या संख्येने. आमची पहिली चूक अशी की आलेल्यांतले जुने किती हे मोजत बसलो. तो आकडा नेहमीच छान दिसतो, कारण न आलेला माणूस त्यातही नसतो. हा आकडा पहिल्याच्या शेजारी ठेवा. वाट कमी करायच्या नादात डॉक्टर घाईघाईने पेशंट उरकायला लागले, तर आधी लोकांचं परत येणं कमी होतं.

चौथा पैशाचा: दिवसाची बिलं आणि गल्ला अधिक यूपीआयची जमा, यांतला फरक. यावर जास्त लिहीत नाही, तुमचे अकाउंटंट सांगतीलच.

डॉक्टरवार मिनिटं मात्र स्क्रीनवर लावू नका. आम्ही लावली होती आणि पंधरा दिवसांत दोन डॉक्टरांनी बोलणं टाकलं. काउंटरवर टॅब धरून घेतलेले तारेही नकोत. समोर ताई उभ्या असताना कोण कमी तारे देणार? एकूण पेशंटसंख्या हिशेबासाठी ठेवा, पण ती पाहून उद्या सकाळी करण्यासारखं काही नसतं.

वाचताना घाई करू नका. एखाद्या डॉक्टरांचे आठच पेशंट असतील आणि दोघे गेले तर २५ टक्के दिसतात, त्यावर बैठक बोलावू नये. शेजारी नेहमी मूळ संख्या लिहा, आठपैकी दोन. सोमवारची तुलना सोमवारशीच करा. पावसाळ्याच्या शेवटी तापाचे पेशंट वाढतात, तेव्हाचे आठवडे मे महिन्याशी लावू नका. आम्ही आठवड्याला एक ठिपका काढतो आणि मधोमध मध्यकाची रेघ मारतो. ओळीने सहा ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले तर काहीतरी खरोखर बदललंय असं धरतो. रुग्णालयांच्या गुणवत्ता कामात हा नियम सर्रास वापरतात. मी संख्याशास्त्र शिकलेलो नाही, पण या नियमाने आम्हाला बऱ्याच उगाच धावपळीतून वाचवलं. एनएबीएच मानांकनाचं काम चालू असेल तर त्यांच्या व्याख्या त्यांच्या फाईलसाठी वेगळ्या सांभाळा, दोन्ही एकत्र करू नका.

आकडा खरा झाल्यावर आम्ही तीनच बदल केले. नुसते रिपोर्ट दाखवायला येणाऱ्यांना साडेबारानंतरची वेळ दिली, कारण सकाळच्या रांगेत तेच मध्ये शिरत होते. आणि काटोल, सावनेर, भंडारा, छिंदवाडा इथून येणाऱ्यांची परतीची गाडी टोकनवर लिहायला लागलो. रिफंडची सही काढून टाकली, आता ताईच पैसे परत करू शकतात, महिनाअखेरीस मी यादी तपासतो. अर्ध्यांचे दहातले दोन व्हायला तीन महिने लागले.

तुम्ही आधी एकाच डॉक्टरांच्या दारापासून सुरू करा, आणि सोमवारी नको, मंगळवारी. सोमवारच्या गर्दीत वेळ लिहायची सवय लागत नाही, आणि मावशींनी एकदा वही बाजूला ठेवली की पुन्हा हातात द्यायला फार जड जातं.