कार्डावरच्या तीन ओळी

«मी सोलापूरची असून दोन महिन्यांनी नोकरीसाठी इंग्लंडला जाणार आहे. तिथल्या माझ्या टीममधील एका सहकाऱ्याची आई नुकतीच वारली. कार्डावर इंग्रजीत काय लिहावे, म्हणजे ते सरकारी पत्रासारखे वाटणार नाही?»

इकडे आल्यावर पहिल्याच वर्षी मी अशाच एका कार्डावर ‘हार्टफेल्ट कंडोलन्सेस ऑन द सॅड डिमाइज ऑफ युवर बिलव्हेड फादर’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते, आणि ते आठवले की मला आजही ओशाळल्यासारखे होते. आपल्या चौकातील श्रद्धांजलीच्या फलकाचेच ते इंग्रजी रूप होते. ‘डिमाइज’ हा शब्द इथे एखादी कंपनी बुडाली किंवा प्रथा संपली तर अधिक ऐकू येतो, आणि ‘एक्सपायर्ड’ म्हटले की पासपोर्ट किंवा दूध आठवते. ‘मे हर सोल रेस्ट इन पीस’ हेही टाळा, कारण त्या घरात आत्मा मानतात की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते.

पहिली ओळ साधी असावी: ‘आय वॉज सो सॉरी टू हिअर अबाउट युवर मम.’ मृत्यूचा उच्चार न करताही तो या वाक्यात पूर्णपणे येतो. तो सहकारी आईला ‘मम’ म्हणत असेल तर ‘मदर’ लिहू नका.

दुसऱ्या ओळीवर मात्र वेळ घालवा. कॉलवर त्याने कधी आईच्या बागेचा विषय काढला असेल, तर ‘आय रिमेंबर यू टेलिंग अस अबाउट हर गार्डन’ एवढेच लिहा. तसे काहीच आठवत नसेल, तर बळेच आठवण रचण्यापेक्षा ‘आय’व्ह बीन थिंकिंग ऑफ यू’ हे खरे ठरते. ‘अ‍ॅट लीस्ट’ने सुरू होणारे कोणतेही सांत्वन नको, दुःखाचा हिशेब आपण मांडायचा नसतो.

‘लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग’ हे वाक्य प्रेमळ असले, तरी काय हवे ते सुचवण्याचे काम दुःखी माणसावरच टाकते. त्याऐवजी ‘आय’ल कव्हर द थर्सडे रिपोर्ट, अँड प्लीज डोन्ट फील यू नीड टू रिप्लाय’ असे लिहा, अर्थात तो रिपोर्ट खरोखर करणार असाल तरच. शेवटी ‘रिगार्ड्स’ न लिहिता नुसते नाव पुरते.

सोलापुरात आपण अशा घरी जाऊन मुकाट बसतो आणि निघताना ‘येतो’ म्हणत नाही. तिथे शब्दांवाचून भागते. माझे वडील गेले तेव्हा मला वेळेत पोहोचता आले नाही, आणि कुणाच्या शेजारी असे बसणे माझ्या वाट्याला आलेच नाही. परतल्यावर टेबलावर एक कार्ड होते, ज्यात एकाने लिहिले होते: ‘यू टोल्ड मी ही वॉक्ड बाय द लेक एव्हरी मॉर्निंग.’ सिद्धेश्वर तलावाविषयी मी त्याला कधी सांगितले होते, ते मला आजतागायत आठवलेले नाही.