देशात काही मोठं वाईट घडलं की ब्रँड्स एकदम गप्प का होतात? आणि गप्प बसण्याला लोक आदर का म्हणतात?

मी मालवणात राहतो, इथल्या दोन-तीन होमस्टेंची आणि एका आंबेवाल्याची सोशल मीडिया पेजेस सांभाळतो, त्यामुळे अनुभवातलं सांगतो.

२२ एप्रिल २०२५. पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला, २६ माणसं गेली, त्यात डोंबिवली, पनवेल, पुण्याचीही होती. आणि एका होमस्टेची माझी पोस्ट त्याच संध्याकाळी सात वाजता पडायला आठवडाभर आधीच शेड्यूल करून ठेवलेली, "बॅगा भरा, फॅमिलीला घेऊन निघा!", सोबत समुद्रात उड्या मारणारी पोरं. मी घाटात होतो, रेंज नव्हती, पोस्ट गेली. होमस्टेवाल्या काकींचा फोन आला, "रे, ता आधी काढ, लोकांच्या घराक मयत झाला हा."

त्या एका वाक्यातच उत्तर आहे बघा. आमच्याकडे वाडीत कोणी गेलं की मयत उचलेपर्यंत शेजारच्या घरात चूल पेटत नाही, टीव्ही लावला तरी आवाज बंद. त्यामुळे गेलेला माणूस परत येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण शेजाऱ्याने आपलं रोजचं थोडं थांबवलं हे त्या घराला दिसतं. फोनवर तर मधे भिंतही नाही, वरती रडणाऱ्या बायकोचा फोटो आणि अंगठा सरकवला की लगेच खाली तुमची ऑफर. शिवाय ऐन सीझनमध्ये गप्प बसलं की बुकिंग बुडतं, आणि स्वतःचं काहीतरी बुडवून थांबलात म्हणूनच ते खरं वाटतं. जे पेज महिन्यातून एकदा पोस्ट टाकतं त्याचं गप्प बसणं कोणाला कळणारसुद्धा नाही.

पण थांबवायचा तो फक्त जल्लोष, काम नाही. दुसऱ्याच दिवशी हैदराबादला आयपीएलची मॅच झालीच की, फक्त चिअरलीडर्स नाहीत, फटाके नाहीत, खेळाडूंच्या दंडाला काळ्या फिती. आम्हीपण गेस्टच्या मेसेजेसना उत्तरं देत होतो, कॅन्सलेशनचे पैसे परत करत होतो.

एक चूक मात्र झाली. शेड्यूल केलेल्या पोस्ट मी थांबवल्या पण पैसे लावून चालवलेली जाहिरात वेगळी असते, ती ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन वेगळी पॉज करावी लागते, ते राहिलं. ती रात्रभर चालू. सकाळी खाली कमेंट, "तुम्हाला धंदा सुचतोय?" जाहिरात बंद केली, त्या माणसाला नुसतं "चूक झाली, माफ करा" लिहिलं.

आंबेवाल्याला काळ्या बॅकग्राउंडवर श्रद्धांजली आणि कोपऱ्यात पेटीचा लोगो पाहिजे होता. मी नाही म्हटलं, मयताला जाऊन कोणी व्हिजिटिंग कार्ड वाटत नाही. चार दिवसांनी त्याची पहिली पोस्ट टाकली ती साधी, पेटीचा भाव आणि कुठल्या गावाला गाडी कधी जाते एवढंच.