स्वतःचा पगार कलिगला सांगितला तर कंपनी कारवाई करू शकते का?

प्रश्न: मी सही केलेल्या ऑफर लेटरमध्ये लिहिलंय की पगाराची माहिती कुणालाही सांगायची नाही, सांगितली तर कारवाई होईल. परवा जेवताना बाजूच्या टेबलवाल्याला माझा आकडा सांगून बसलो. यावरून खरंच काढू शकतात का?

उत्तर:

बरीच वर्षं पेरोलला होतो, ही असली लेटरं मीच प्रिंट काढून लोकांच्या सह्या घेतल्यात, त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

आधी बघा की आकडा कुणाचा सांगितलात. स्वतःचा असेल तर गोष्ट वेगळी. माझ्याकडे अख्ख्या ऑफिसची पगाराची शीट असायची, त्यातला दुसऱ्याचा आकडा मी फोडला असता तर तो सरळ विश्वासघात, तिथे मला कुणी वाचवलं नसतं. तुम्ही फक्त स्वतःचा सांगितलाय, म्हणजे तुमची बाजू बरीच बरी आहे.

आता काढू शकतात का, तर ते तुम्ही कुठल्या देशात काम करता त्यावर आहे. अमेरिकेत १९३५ च्या नॅशनल लेबर रिलेशन्स अ‍ॅक्टमुळे खासगी कंपनीतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना आपसात पगाराबद्दल बोलायचा हक्क आहे आणि बोलू नका असा नियम करणंच बेकायदा, मग त्यावरून कुणाला काढलं असो नाहीतर नसो. पण सुपरवायझर, सरकारी नोकर असे काही जण यात येत नाहीत. ऑस्ट्रेलियात ७ डिसेंबर २०२२ पासून सांगायचा, न सांगायचा आणि दुसऱ्याला विचारायचाही हक्क आहे, पण त्याआधीच्या करारात अशी अट असेल तर करार बदलेपर्यंत ती चालते. ब्रिटनचं जरा तिरकं आहे. २०१० च्या इक्वालिटी अ‍ॅक्टचं कलम ७७ अशी अट लिहायला मना करत नाही, पण बाई आहे म्हणून किंवा वंशामुळे वगैरे कमी पगार मिळतोय का हे शोधायला बोलणं झालं असेल तर ती अट लागू करता येत नाही. नुसती फुशारकी मारायला आकडा सांगितला असेल तर हे कलम कामाला येणार नाही, म्हणजे तिथे काय बोललात यापेक्षा कशासाठी बोललात ते मोजतात. भारतात यासाठी वेगळा कायदाच नाही, तिथे सगळं सही केलेल्या कागदावर येतं.

ही अट इतकी का घालतात ते कळायचं असेल तर लिली लेडबेटरची केस बघा. अलाबामात गुडइयरच्या टायर कारखान्यात १९७९ पासून कामाला, पगारावर बोलायचं नाही हा तिथला शिरस्ता. नोकरी संपत आली तेव्हा कुणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली त्यात आकडे होते. हिला महिन्याला ३,७२७ डॉलर आणि त्याच कामावरच्या पुरुषांत सगळ्यात कमी पगारवाल्याला ४,२८६, म्हणजे ५५९ चा फरक, आणि पेन्शनही पगारावरच ठरणार. ती कोर्टात गेली, ज्युरीने तिच्या बाजूने निकाल दिला, पण २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की पगार ठरल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. अहो पण तिला माहीतच नव्हतं ना! पुढे २००९ मध्ये कायदा बदलला, आता भेदभावाचा प्रत्येक पगार हातात पडला की मुदत नव्याने मोजतात. गंमत म्हणजे ती सुपरवायझर होती, म्हणजे वर सांगितलेला १९३५ चा कायदा तिच्या उपयोगाचाच नव्हता.

आता तुमचं. मी बघितलंय त्यात नुसत्या गप्पांवरून कुणाला काढलेलं फार कमी, बोंब होते ती ऐकणारा दुसऱ्या दिवशी साहेबाकडे जाऊन "त्याला एवढे तर मला का नाही" म्हणतो तेव्हा. आणि निम्म्या वेळा तुलनाच चुकलेली असते, एकाने हातात येणारे सांगितलेले असतात दुसऱ्याने वर्षाचं पूर्ण पॅकेज, मग उगाच भांडण. तेव्हा त्या टेबलवाल्याला आजच सांगून ठेवा की माझं नाव घेऊन मागू नकोस.

एचआरने बोलावलंच तर खोटं बोलू नका, स्वतःचा आकडा सांगितला एवढंच सांगा, कुठल्या नियमाखाली विचारताय ते मेलवर मागा, आणि कधी बोललो, कधी बोलावलं, त्यानंतर रेटिंग किंवा इन्क्रिमेंट खाली आलं का, हे तारखांसकट घरच्या वहीत लिहा. ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, काढलं तर तो त्याच दिवशी काढून घेतात.