श्रद्धांजलीच्या गर्दीत हरवलेली वेळ

मावशी, आमच्या घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. १६२ माणसं, ॲडमिन मी. मागच्या महिन्यात मोठे काका पहाटे गेले. सहा वाजता मी अंत्यविधीची वेळ ग्रुपवर टाकली, दुपारी १२. नंतर ती ११ झाली, तोही मेसेज टाकला. पण तोवर दिवे, समया, 🙏🙏🙏 आणि ‘ॐ शांती’ असे दोनशेवर मेसेज आले होते, त्यात तो बुडाला. साताऱ्याची आत्या सव्वाअकराला पोचली. तिला भावाचं तोंड दिसलं नाही. त्यात एका आजोबांनी चक्क 😂 टाकलं, काकांचा मुलगा ग्रुप सोडून गेला. इकडे काकू मात्र रोज विचारतात, ‘कुणी कुणी लिहिलंय गं?’ मी नियम करू का? की नात्यात वाईटपणा येईल?
— स., पुणे

प्रिय स.,

नियम कर. पण ‘कुणी श्रद्धांजली लिहायची नाही’ असा नको. तुझ्या काकूंना त्या मेसेजची गरज आहे, हे तूच लिहिलं आहेस. आपल्याकडे मयताला कोण आलं, कोण भेटून गेलं हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. ग्रुपवर कुणी लिहिलं हेही आता त्याच हिशेबात धरलं जातं. त्यांचं विचारणं म्हणजे माझ्या माणसासाठी कोण कोण हळहळलं, एवढंच आहे. तेव्हा लिहिण्यावर बंदी नको, लिहिण्याची वेळ ठरव.

वेळ म्हणजे अंत्यविधी होईपर्यंत ग्रुप बंद. ग्रुपच्या नावावर टिचकी मारलीस की खाली परवानग्यांचं पान मिळेल. तिथे सदस्यांना मेसेज पाठवण्याची परवानगी बंद कर. मग बाकीच्यांना लिहिता येत नाही, पण तुझ्या मेसेजवर बोट दाबून धरून हात जोडता येतात. दीडशे माणसांनी हात जोडले तरी ते त्या एका मेसेजखालीच राहतात, वेळ वर कुठे वाहून जात नाही. मेसेज पिनही कर, म्हणजे ग्रुप उघडताच तो माथ्यावर दिसेल. संध्याकाळी ग्रुप पुन्हा मोकळा कर. बंद करताना कारण सांग, नाहीतर वडीलधारी माणसं दुखावतात. साधारण असं लिही:

‘मोठे काका आज पहाटे साडेचारला गेले. अंत्यविधी दुपारी १२ वाजता, वैकुंठ स्मशानभूमी. घरून साडेअकराला निघणार. जे येत आहेत त्यांनी निघताना माझ्या नंबरवर सांगावं, कुणासाठी थांबायचं ते ठरवता येईल. दादाला आणि काकूंना आज फोन नको. वेळ सगळ्यांना नीट दिसावी म्हणून ग्रुप संध्याकाळी सहापर्यंत बंद ठेवते आहे. त्यानंतर जरूर लिहा, मी काकूंना वाचून दाखवणार आहे.’

यातलं शेवटचं वाक्य गाळू नकोस. आपण लिहिलेलं कुणीतरी मोठ्याने वाचणार आहे हे कळलं की माणसं जपून लिहितात.

वेळ बदलली तर जुन्या मेसेजमध्ये दुरुस्ती करत बसू नकोस. दुरुस्तीचा आवाज कुणाच्या फोनवर वाजत नाही, आणि ज्याने एकदा वाचलंय तो परत कशाला उघडेल? नवा मेसेज टाक, सुरुवातीलाच ‘वेळ बदलली’ असं लिही, जुना पिन काढून नवा लाव. आणि तरीही, ज्यांच्यासाठी थांबायला हवं त्यांना फोनच करायचा. बहीण, लेकी, परगावचा मुलगा, अशी पाच-सहा नावं कागदावर लिही आणि एका भाच्याला किंवा पुतण्याला त्या कामावर बसव. सातारा-पुणे रस्त्यावर गाडीत बसलेली आत्या दोनशे मेसेज चाळणार नव्हती. तिचा फोन लागला असता तर ‘मी खंबाटकीला आहे, थांबा’ एवढं तिने सांगितलं असतं, आणि थांबता आलं असतं.

आता चित्रांबद्दल. समई, कमळ, मेणबत्ती, सोनेरी अक्षरांतलं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ही चित्रं वाईट हेतूने कुणीच पाठवत नाही. शब्द सुचत नाहीत म्हणून माणसं हाताशी असेल ते पुढे करतात. पण ती पुढे कुठे जातात ते बघ. माझी आई गेली तेव्हा तेराव्याला तिचा फोटो लावायचा म्हणून भाऊ त्याच्या फोनच्या गॅलरीत शोधत बसला होता. आईचा एक फोटो, मग अकरा समया, मग पुन्हा आई, मग मेणबत्त्या. त्यातल्या एका चित्राखाली कुठल्यातरी परक्या गृहस्थांचं नाव छापलेलं होतं, पाठवणाऱ्याने ते पाहिलंही नव्हतं. भाऊ एकेक समई पुसत होता आणि एका ठिकाणी त्याच्या हातून आईचाच एक फोटो पुसला गेला. तो आम्हाला परत मिळाला नाही. तेव्हापासून मी कुणालाही असं चित्र पाठवलेलं नाही. तुमच्या घरच्यांच्या फोनवर या ग्रुपची चित्रं आपोआप गॅलरीत जाणं बंद करून दे, ती सोय ग्रुपच्या माहितीतच आहे. फॉरवर्ड केलेल्या चित्रावर बाण उमटतो, खूप फिरून आलेल्यावर दुहेरी बाण. ज्याच्या घरी माणूस गेलं त्याला तो बाण दिसतो, हे चित्र पाठवणाऱ्यांना एकदा प्रेमाने सांग. आणि पार्थिवाचा किंवा चितेचा फोटो कुणी टाकलाच, तर विचारत बसू नकोस. ॲडमिन म्हणून तुला तो सगळ्यांसाठी काढून टाकता येतो, लगेच काढ.

आजोबांच्या 😂 बद्दल तुझ्या भावाला नीट समजावून सांग. लहान पडद्यावर, चष्मा नसताना, ते तोंड रडणारंच वाटतं. डोळ्यांतून दोन्हीकडे पाणी येतंय एवढंच त्यांना दिसतं. मेसेजवर बोट दाबून धरल्यावर जी ओळ येते तिच्यातही 😂 आणि 😢 यांच्यामध्ये एकच चिन्ह असतं, बोट सरकायला कितीसा वेळ लागतो? आजोबांना ग्रुपवर काही बोलू नकोस. त्यांना फोन करून सांग की आपल्याला हात जोडायचं चिन्ह पुरे. ते आपल्या सवयीचं आहे, चुकत नाही, आणि एकदाच टाकलं तरी पोचतं. 💐 टाळावं, कारण तोच गुच्छ आदल्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाला गेलेला असतो. कुणी 👍 केलं तर मात्र राग धरू नका. बहुतेकांच्या लेखी त्याचा अर्थ ‘वाचलं, कळलं’ एवढाच असतो.

‘ॐ शांती’चं काय करायचं? मला विचारशील तर एका घरातून एक मेसेज, खाली घरातल्या सगळ्यांची नावं. नवरा, बायको, दोन मुलं आणि सून यांनी तेच दोन शब्द पाच वेळा लिहिण्यापेक्षा हे बरं, आणि काकूंना ऐकायलाही सोपं, कारण त्यांना नावंच हवी आहेत. वरचं बघून-बघून खाली उतरवण्यात एक चूक हमखास होते. माणूस दवाखान्यात असताना सुरू झालेला महामृत्युंजय मंत्र, माणूस गेल्यावरही तसाच पुढे येत राहतो. आयुष्य मागणारी ती प्रार्थना त्या घरी त्या वेळी फार लागते. म्हणून लिहिण्याआधी वरचा पहिला मेसेज वाचावा, घरच्यांनी कोणते शब्द वापरलेत ते बघावं आणि तेच वापरावेत. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात सगळी घरं एका चालीची नसतात. वारकरी घरात ‘वैकुंठवासी’ म्हणतील, लिंगायत सासरी ‘लिंगैक्य’. बौद्ध घरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, तिथे ‘ॐ शांती’ लिहिणं म्हणजे त्यांच्या दुःखात आपली रीत घुसवणं. ‘११ जणांना पाठवा’ असलेलं काहीही मात्र सरळ काढून टाक.

मग लिहायचं काय, असं तुला ग्रुपवर विचारतील. त्यांना सांग, काकांना तुम्ही ज्या नावाने हाक मारत होता ते नाव लिहा आणि त्यांची एक गोष्ट लिहा. आईच्या वेळी आलेल्या मेसेजमधला एकच मी अजून जपून ठेवलाय. तिच्या मामेभावाचा. ‘माझ्या दहावीच्या वर्षी मी तुमच्याकडे राहायला होतो. ताई दोन महिने रोज चारला उठून मला चहा करून द्यायची आणि मी वाचायला बसेपर्यंत स्वतः दारात उभी राहायची.’ तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. आई दारात उभी राहायची, हे मला तिच्या जाण्यानंतर चार दिवसांनी कळलं. मी ते किती वेळा वाचलं असेल! ज्यांना असं काही आठवत नाही त्यांनी ‘काकू, आम्ही रविवारी भेटायला येतोय, पिठलं-भात घेऊन येऊ’ एवढं लिहावं, आणि जावं.

एक लहानसं राहिलं. तेराव्यापर्यंत ग्रुपवर सुप्रभातची चित्रं आणि विनोद नकोत, हे तू एकदाच स्पष्ट लिही. वाढदिवसाच्या शुभेच्छा ज्याच्या त्याला थेट पाठवता येतात.

दादाला ग्रुपमध्ये परत घेण्याची घाई करू नकोस. कुणी विचारलं तर ‘त्याला बरं वाटेल तेव्हा येईल’ इतकंच सांग. त्याच्यासाठी ग्रुपवर आलेल्या ओळींपैकी ज्या खरोखर काकांबद्दल आहेत त्या तेवढ्या निवडून एका वहीत उतरवून ठेव. दोनशेतून सात-आठ निघतील. काकूंना नावं वाचून दाखव, दादाला ती वही दे.

आणि साताऱ्याला जा. फोन नको, जाच. आत्यापुढे ग्रुपची कारणं सांगत बसू नकोस. ‘वेळ तुला कळवायची राहिली, चूक माझी’ म्हण. मग तिला ती सकाळ पहिल्यापासून सांग. काकांनी शेवटचं पाणी कुणाच्या हातून घेतलं, कोणतं धोतर नेसवलं, चेहरा कसा होता, खांदा कुणी कुणी दिला. ती मध्ये मध्ये थांबवेल, तेच तेच परत विचारेल. तेवढ्या वेळा सांग.

तुझी,
मावशी