लाईव्हच्या आठवणीचं कॅप्शन: ‘आज’ एकटं लिहू नकोस

अगं, परवाचं तुझं साड्यांच्या लाईव्हचं कॅप्शन वाचलं. ‘आज रात्री लाईव्ह, नक्की या!’ एवढंच. माझ्या नणंदेला ती पोस्ट दुसऱ्या दिवशी दिसली आणि बिचारी रात्री नऊपर्यंत फोन धरून बसली. म्हणून वार, तारीख, वेळ पहिल्याच ओळीत घाल. इन्स्टाग्रामवर बाकीचा मजकूर दडतो, तो उघडून बघायला कुणाला वेळ आहे?

मी सांगलीतून असं टाकते:

‘शुक्रवार, १४ नोव्हेंबर, रात्री ८:३० ते ९:३० लाईव्ह. टोपपदराची सुती इरकल १,४५० पासून, खणाची साडी ९५०. वेळ झाली की आमच्या प्रोफाइल फोटोवर टॅप करा. आवडली की साडीचा नंबर कमेंटमध्ये लिहा.’

साड्या दोनच प्रकारच्या लिही, पण सूत की रेशीम ते स्पष्ट सांग. नुसतं ‘इरकल’ लिहून मी एकदा सेमी सिल्क दाखवली. आपल्याकडच्या बायकांना इरकल लगेच कळते, टोपपदराचे दात नाहीत म्हणून तिथल्या तिथे कमेंट आली. तेव्हापासून कॅप्शनसोबत पदराचा जवळून फोटो देते.

आणि कॅप्शनमध्ये लिंक चिकटवू नकोस, तिथे ती दाबली जात नाही. द्यायचीच तर स्टोरीत लिंकचा स्टिकर लाव. व्हॉट्सॲपवर मात्र चालते, तिथे अर्धा तास आधी तोच मजकूर लिंकसकट पाठव. सकाळी पाठवलेला रात्रीपर्यंत शंभर मेसेजांखाली जातो.